बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत

पुण्यात कुणाचंही काहीही दुखलं की उत्तर तयार असतं: कॅल्शियम कमी पडलंय. गुडघा दुखला, कॅल्शियम. केस गळले, कॅल्शियम. दात किडला तरी शेजारची बाई तेच सांगणार. माणसांनी आपापल्या हाडांचं काय वाटेल ते करावं, माझी हरकत नाही. पण मी जनावरांची डॉक्टर, आणि माझ्या आयुष्यातली निम्मी भांडणं या एका शब्दाने लावली आहेत.

माझा दवाखाना येरवड्याकडून नगर रस्त्याला लागलं की डावीकडे एका गल्लीत होता. सुरुवातीची वर्षं गाई, शेळ्या आणि भाकरी-दुधावर वाढलेले गावठी कुत्रे, एवढाच माझा व्याप. कुणी हौशी माणूस अल्सेशियन आणायचा. त्याला नुसता दूधभात किंवा नुसतं मटण घालायचा आणि मग त्या पिल्लाची हाडं खरोखरच कॅल्शियमवाचून वाकायची. तेव्हा आम्ही डॉक्टर कॅल्शियमची बाटली द्यायचो, आणि ते बरोबरच होतं.

मग खराडीत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. जिथे ज्वारी व्हायची तिथे सोसायट्या झाल्या, आणि त्या सोसायट्यांत राहायला आलेल्या तरुण मंडळींनी ठरवलं की घरात कुत्रा हवा, आणि हवा तर वासराएवढा हवा. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ग्रेट डेन! सेंट बर्नार्ड! बर्फातला कुत्रा एप्रिलमध्ये पुण्यात! मी बोलले नाही, कारण मला कुणी विचारलं नाही. त्याच सुमाराला दुकानांत परदेशी खाण्याच्या पिशव्या आल्या. ‘मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी’ असं त्यांवर छापलेलं असे, आणि त्या पिल्लाला जेवढं कॅल्शियम लागतं तेवढं बेताने आत घातलेलं असे. म्हणजे बाटलीची गरज संपली होती. पण बाटली काही संपली नाही. लोक पिशवीतलंही घालत आणि वर बाटलीही पाजत. दुपटीने चांगलं होईल, असा हिशेब. मीठ दुप्पट घातलं तर आमटी दुप्पट चांगली होते का, असं मी विचारायची. लोक हसायचे, आणि घरी जाऊन पाजायचे.

हे सगळं सांगायचं कारण एक काकू आणि त्यांचं पिल्लू.

पहिल्यांदा आले तेव्हा तिघं होते. मुलगा खराडीच्या एका कंपनीत, गळ्यात ओळखपत्राची पट्टी, ती रविवारीही काढायची नाही. त्याच्या मांडीवर राखाडी रंगाचं ग्रेट डेनचं पिल्लू, अडीच-तीन महिन्यांचं, पंजे वाटीएवढे. आणि मागे त्याची आई. सुती साडी, घट्ट अंबाडा, हातात कापडी पिशवी. चंद्रपूरकडच्या अंगणवाड्यांच्या मुख्यसेविका म्हणून त्या निवृत्त झाल्या होत्या. नवरा आधीच गेला होता, म्हणून मुलाने पुण्याला आणलं. मुलगा-सून दिवसभर बाहेर. सून तर हिंजवडीला, कंपनीच्या बसने सकाळी जायची ती अंधार पडल्यावर यायची. दिवसभर घरात काकू आणि ते पिल्लू.

पिल्लू देखणं होतं आणि गोल होतं. मी पाठीवरून, कुशीवरून हात फिरवला. नुसतं लोणी.

“बरगड्या लागत नाहीत हो हाताला,” मी म्हटलं.

“थँक्यू मॅडम,” मुलगा म्हणाला.

मी डोळे मिटले आणि उघडले. मग त्याला समजावून सांगितलं. या जातीचं पिल्लू पहिल्या वर्षात जेवढं वाढतं तेवढं आपण सोळा-सतरा वर्षांत वाढतो. हाडांची टोकं तेव्हा कूर्चेची असतात, मऊ. त्यांचं हाड व्हायला वेळ लागतो. त्या मऊ सांध्यांवर चरबीचं ओझं टाकलं की सांधे बिघडतात. उंची किती व्हायची ते आईबापांकडून ठरून आलंय. कमी घातलं म्हणून तो बुटका राहणार नाही आणि कोंबून घातलं म्हणून ताड होणार नाही, फक्त लवकर वाढेल, आणि त्या लवकर वाढण्यानेच घात होतो. त्याला बारीक ठेवा. मोजून घाला, भांडं भरून ठेवू नका. हात फिरवला की बरगड्या लागल्या पाहिजेत, वरून बघितलं तर कंबर दिसली पाहिजे. आणि वरून कॅल्शियम नाही. थेंबभरही नाही.

“नोटेड, मॅडम,” मुलगा म्हणाला.

काकू मात्र माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मी कुणाच्या तान्ह्या पोराला उपाशी ठेवायला सांगितलं.

पुढच्या लशीला आले तेव्हा पिल्लू मुलाच्या मांडीवर मावत नव्हतं. खाली सोडलं, चार पावलं चालून आलं, आणि मी हातातली लस खाली ठेवली. पुढचे दोन्ही पंजे बाहेरच्या बाजूला वळलेले, नाचायला उभं राहिल्यासारखे. मनगटं सुजल्यासारखी जाड. उजवा पाय टाकताना किंचित आखडत होतं. बरगड्यांचा पत्ताच नाही.

“काय काय घालता?” मी विचारलं.

“फक्त पिशवीतलं, मॅडम.”

“कॅल्शियम?”

“नाही मॅडम.”

“काकू?”

“नाही बाप्पा,” काकू म्हणाल्या, आणि पिशवीचे बंद नीट करायला लागल्या.

बत्तीस वर्षं मी हा धंदा केला. कुत्रा कधी खोटं बोलत नाही, आणि मालक कधी खरं बोलत नाही. मी पायाचा एक्स-रे काढून आणायला पाठवलं आणि दोन दिवसांनी त्यांच्याच घरी जाऊन धडकले. दवाखान्यात माणूस वकिलासारखं बोलतो, घरात भांडी बोलतात.

तिसऱ्या मजल्यावरचा नवाकोरा फ्लॅट. मुलगा त्या दिवशी ऑफिसला उशिरा निघणार होता, म्हणून घरीच सापडला. दारातून आत गेलं की भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्यासमोर ताजी फुलं, आणि सगळीकडे चकचकीत गुळगुळीत फरशी. तिच्यावर ते पिल्लू मला बघून धावत आलं आणि चारी पाय चार दिशांना जाऊन पडलं. सगळे हसले. मला हसू आलं नाही. आणि मग मी गॅलरीच्या दाराकडे बघितलं. तिथे छताच्या हुकाला वजनकाटा टांगलेला होता. अंगणवाडीत लेकरांचं वजन करतात तसला, खाली झोळी. झोळी पिल्लाला केव्हाच पुरेनाशी झाली होती, म्हणून तिला जुन्या धोतराची जोड दिली होती.

“दर सोमवारी करते,” काकू म्हणाल्या. आवाजात अभिमान होता. “एकही हप्ता वजन खाली नाही आलं लेकराचं.”

मी स्वयंपाकघरात गेले. आगाऊपणा होता, पण तोपर्यंत माझा संयम संपला होता. ओट्यावर अंड्याच्या टरफलांची पूड भरलेली बरणी. हे काकूंचं. फ्रीजच्या दारात कॅल्शियमच्या औषधाची मोठी बाटली. हे मुलाचं, ज्याच्याकडून पिल्लू घेतलं त्याने सांगितलं होतं, आणि इंटरनेटवरच्या कुठल्याशा गटातल्या लोकांनी त्याला दुजोरा दिला होता. फडताळात नाचणीच्या सत्त्वाचा डबा. तो सुनेचा, तिचं माहेर कोकणातलं, रोज रात्री बसमधून उतरून आली की ती दुधात कालवून द्यायची, हे मुलाने फोन लावल्यावर तिने कबूल केलं. शिवाय दूध, शिवाय दोन अंडी, शिवाय भांडं भरून पिशवीतलं खाणं. आणि गंमत अशी की तिघांपैकी कुणी दुसऱ्याला सांगितलं नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, डॉक्टरीण बाईंनी नको म्हटलंय, तेव्हा आपण एकट्यानेच, गुपचूप, थोडंसंच.

“अहो, पण पाय वाकडे व्हायला लागले ना मॅडम,” मुलगा म्हणाला, “मग वाढवलं थोडं.”

पाय वाकतो म्हणून कॅल्शियम, आणि कॅल्शियमने पाय आणखी वाकतो, म्हणून आणखी कॅल्शियम. आगीत तेल ओतून वर ती विझत का नाही म्हणून विचारायचं!

मी एक्स-रे खिडकीच्या काचेला धरला. पुढच्या पायात दोन हाडं शेजारी-शेजारी असतात, दोघांनी जोडीने वाढायचं असतं. त्यातलं एक मनगटाच्या टोकाशी अडलेलं दिसत होतं. जिथे हाड व्हायला हवं होतं तिथे कूर्चाच राहिली होती, मेणबत्तीच्या ज्योतीच्या आकाराची, काळपट. ते हाड मागे पडलं होतं आणि दुसरं पुढे धावत होतं. मागे पडलेलं हाड धनुष्याच्या दोरीसारखं ताणून धरतं, मग पुढचं वाकणारच, पंजा बाहेर फिरणारच.

“पण कॅल्शियमने हाड मजबूत होते ना?” मुलाने विचारलं. सोळा वर्षं शिकलेला मुलगा.

“वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याला जास्त दिलं तर त्याचं आतडं हवं तेवढं घेतं, बाकीचं सोडून देतं. एवढ्या लहान पिल्लाला ते दार बंद करता येत नाही. द्याल तेवढं आत शिरतं. आणि वाढतं हाड म्हणजे नुसतं भरत जाणारं पोतं नव्हे. ते रोज थोडं मोडावं लागतं, पुन्हा रचावं लागतं, कूर्चेचं हाड करावं लागतं. कॅल्शियमचा पूर आला की शरीर ते सगळं काम थांबवतं. त्यात वर हे वजन. आणखी काही आठवडे असंच चाललं तर हे हाड कापावं लागेल, आणि ती शस्त्रक्रिया करणारं माणूस या शहरात मला शोधावं लागेल. आणि ती करूनही तो नीट चालेल, असं मी लिहून देणार नाही. जन्मभर दुखेल. एवढं मोठं जनावर, स्वतःहून उठता आलं नाही तर तुम्ही त्याला उचलणार आहात का?”

माझा आवाज चढला होता. मला तो चढू द्यायचा नव्हता, पण चढला. मी काकूंकडे वळले. “तुम्ही तर शिकलेल्या आहात, नोकरी केलीत, सरकारचा पोषण आहार चालवलात. एवढं साधं कळू नये?”

काकू खुर्चीत बसल्या. पिल्लू लगेच जाऊन त्यांच्या पायांवर पडलं. त्या त्याच्या कानाशी खेळू लागल्या.

“मॅडम,” त्या म्हणाल्या, “माझ्याकडे जंगलातली गावं होती. पावसाळ्यात रस्ता बंद झाला की धान्य पोचत नव्हतं. पाणी उतरलं की मी जायची तं आया लेकरं घेऊन यायच्या. सदरा वर केला की बरगड्या दिसायच्या. त्यातली काही मी माझ्या हातांनी पुरली आहेत, त्यांच्या बापासंग उभी राहून. आणि तुम्ही मला म्हणता, बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. माझ्या घरात! भरल्या घरात! कसं जमंन मला? सांगा बरं.”

मी एक्स-रे काचेवरून खाली घेतला. राग तर होताच. खरं सांगायचं तर तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं म्हणून आणखी होता. मुलगा आईकडे बघत होता. त्याने हे आधी ऐकलं नसावं. त्याने गळ्यातली पट्टी काढून टेबलावर ठेवली.

“काकू,” मी शेवटी म्हटलं, “बाळंतिणीचा पहिला चीक तुमच्याकडच्या बायका पिळून फेकून द्यायच्या का हो?”

“फेकायच्या ना! घाण दूध म्हणून. सासवा तं मारायला उठायच्या आमच्यावर.”

“मग तुम्ही त्यांना कसं पटवलंत?”

“पटवलं कुठं?” काकू चिडून म्हणाल्या. “पटत नव्हतंच कुणाला. जाऊन बसायची दारात. पाजल्याबिगर उठायचीच नाही.”

“मग मलाही पटवता येत नाहीये,” मी म्हटलं. “मीही आता उठत नाही.”

आणि मी खरंच बसले. दवाखान्यात माणसं खोळंबली असतील हे माहीत असूनही बसले. काकूंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांचंच शस्त्र त्यांच्यावर उगारलं होतं. शेवटी त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, आणि टरफलांची पूड मोरीत ओतल्याचा आवाज आला. मग बाटली. मग नाचणीचा डबा त्यांनी सुनेच्या परवानगीशिवाय शेजारणीला देऊन टाकला. त्यावरून त्या घरात नंतर काय झालं ते मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही.

आता गोष्ट संपली असं कुणाला वाटेल. छे! इथून पुढे माझा छळ सुरू झाला. ज्या बाईने तालुक्यातल्या सगळ्या अंगणवाड्यांना शिस्त लावली होती ती आता एका पिल्लाच्या मागे लागली होती. रोज सकाळी दवाखान्याचा फोन. “मॅडम, आज वजन वाढलं. चालंल का?” चालेल, काकू, वाढणारच, हळू वाढलं म्हणजे झालं. “मॅडम, आज तो माझ्या ताटाकडं पाहत होता.” पाहू दे. “मॅडम, रडत होता.” रडू दे. “तुम्हाले लेकरं आहेत का, मॅडम?” मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

पण त्यांनी केलं. मोजून, दिवसातून तीनदा, वाटीवर वाटी नाही. फरशीवर घरभर चटया आणि पोती अंथरली. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सून सांगायची, हे आमचं इंटेरिअर नाही, कुत्र्याचं आहे. जिने नाहीत, उड्या नाहीत. मुलगा ऑफिसातून येऊन त्याला कडेवर उचलून बाहेरच्या गुळगुळीत फरशीवरून लिफ्टपर्यंत न्यायचा, घामाघूम होऊन. सोसायटीतली माणसं येता-जाता पिल्लाला बिस्किटं टाकायची. काकूंनी त्यातल्या एका गृहस्थांना चारचौघांत असं काही सुनावलं म्हणतात की ते नंतर जिन्याने ये-जा करू लागले. पुढच्या एक्स-रेत ती ज्योत आखूड झाली होती. त्याच्या पुढच्यात शोधावी लागत होती. एवढ्या लहान वयात वेळेवर आवरलं तर कधीकधी हाड स्वतःच उरलेलं काम उरकून घेतं. नेहमी नाही. मी नशिबावर विश्वास ठेवत नाही, पण त्या दिवशी मी माझ्या खुर्चीत बसून रडले, हे सांगायला हरकत नाही. डावा पंजा सरळ आला. उजवा किंचित बाहेर राहिला, जाणत्यालाच कळेल इतका.

त्याला दीड वर्ष झालं तेव्हा काकू त्याला लशीसाठी घेऊन आल्या. आता तो त्यांच्या कमरेच्या वर होता. लांब, सडपातळ, छाती खोल आणि पोट आत. त्याच्याच बरोबरीच्या, कोंबून वाढवलेल्या कुत्र्यांएवढाच उंच, सहा महिने उशिराने. प्रतीक्षेच्या बाकावर गर्दी होती. तो फरशीवर आडवा पसरला होता आणि श्वास घेताना शेवटच्या दोन बरगड्यांची रेघ कातडीखालून हलकेच दिसत होती. समोर एक गृहस्थ बसले होते, मांडीवर सेंट बर्नार्डचं भोपळ्यासारखं गोल पिल्लू आणि खिशातून डोकावणारी कॅल्शियमची बाटली. ते बराच वेळ बघत होते. पुण्याचा माणूस बघून गप्प राहील तर शपथ.

“काय हो,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “एवढं मोठं जनावर हौसेने पाळता. त्याला पोटभर खायला घालायचं जमत नाही का?”

मी आतल्या दारात उभी होते. माझ्या ओठांवर उत्तर आलं होतं, आणि ते सभ्य नव्हतं. पण काकूंचा चेहरा बघून मी थांबले. हाच प्रश्न त्यांनी नोकरीभर दुसऱ्या बायकांना विचारला होता, दारादारांत उभं राहून. आज तो त्यांना विचारला गेला होता, आणि सगळा बाक त्यांच्याकडे बघत होता. मला वाटलं, आता या बाई उठून जातील, आणि वाटेत त्याला पोटभर घालतील.

“नाही घालत,” काकू म्हणाल्या. मान वर होती. “मोजून घालते. मीच घालते.”

मग त्यांनी पदराने डोळे पुसले आणि साखळी हलवली. “उठ बाप्पा,” त्या म्हणाल्या, आणि तो कुणाचाही आधार न घेता, कुठेही न आखडता, एका दमात उभा राहिला.